आशीर्वादाचं पत्र आणि त्यातले चार 'तर'

पत्र परत आलं त्याचा राग अजून पुरता गेलेला नाही, म्हणून आधी तेच सांगते. पाडव्याला लाकडी घाणा सुरू करायचा होता. उद्यम नोंदणी, अन्न परवाना, बँक, सगळं वेळेत झालं. अडलं ते गुरुमहाराजांना लिहिलेल्या पत्रापाशी. तीन आठवड्यांनी माझाच कागद मठातून परत आला, सोबत छापील चिठ्ठी: 'प्रश्नासोबत जन्मवेळ व पत्रिकेची प्रत जोडावी.'

मी प्रश्न विचारलाच नव्हता, असं मला ठामपणे वाटत होतं. मी पाया पडायला लिहिलं होतं. फोन केला, दोनदा कुणी उचलला नाही. तिसऱ्यांदा कार्यालयातले गृहस्थ म्हणाले, "ताई, प्रश्नाची पत्रं वेगळ्या गठ्ठ्यात जातात. तुमच्या पत्रात प्रश्न होता." एवढं बोलून ठेवला. पत्रावर माझा नंबर होता. पहिल्याच दिवशी कळवलं असतं तर तीन आठवडे वाचले असते.

कागद आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, दाखवला. त्यांनी तरुणपणीच तिथे अनुग्रह घेतलेला. त्यांनी शांतपणे वाचलं आणि म्हणाले, "यात 'तर' किती आलेत ते मोज." चार निघाले.

पहिला: 'आपण होकार दिलात तर सुरू करीन.' मला ही शरणागती वाटत होती. आप्पा म्हणाले, "कर्ज मंजूर झालं, घाण्याची आगाऊ रक्कम दिलीस. मग होकार कशाचा मागतेस? उद्या बुडालीस की त्यांच्या नावावर टाकायला?" मला राग आला, पण खरं होतं.

दुसरा: 'आशीर्वाद मिळाला तर धंदा नक्की चालेल.' वाचायला श्रद्धा वाटते. पण उद्या शेंगदाण्याचा भाव चढला आणि डबे पडून राहिले, की तो दोष आशीर्वादाचा ठरतो. हमी मागितल्यासारखं दिसत नाही, पण असते हमीच.

तिसरा: 'चांगलं चाललं तर पहिल्या नफ्यातून अकरा हजार अर्पण करीन.' हा नवस झाला. द्यायचं असेल ते आपलं आपण द्यावं, पत्रात अट म्हणून घालू नये.

चौथा ताज्या कलमात होता: 'घाणा दुसऱ्या दिशेला हवा असेल तर कळवावे.' पत्र प्रश्नाच्या गठ्ठ्यात गेलं ते यामुळेच. तेवढ्यापुरते ते गृहस्थ बरोबर होते. ताजा कलम लिहूच नये, मनात दाबलेलं सगळं तिथेच बाहेर येतं.

मग पुन्हा लिहायला बसले. दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी उरलं ते एवढंच:

॥ श्री ॥

परमपूज्य गुरुमहाराजांच्या चरणी शिरसाष्टांग नमस्कार.

लहानपणी आप्पांबरोबर मी उत्सवाला येत असे. येत्या पाडव्याला कराडजवळ लाकडी घाण्यावर शेंगदाण्याचं आणि करडईचं तेल काढायला सुरुवात करते आहे. कर्ज घेतलं आहे, सोबत दोघीजणी कामाला आहेत. माप खरं राहावं, भेसळीची बुद्धी कधी होऊ नये आणि विक्री मंद असतानाही या दोघींशी माझं बोलणं नीट राहावं, यासाठी आपला आशीर्वाद असावा. पुढे जे होईल ते माझ्या कष्टाचं आणि निर्णयाचं फळ म्हणून स्वीकारीन.

आपली कृपाभिलाषी

खाली सही, आणि आप्पांच्या नावासह गाव. मठात ओळख पटते ती त्यांच्या नावाने. आधी मी शेवटी 'लोभ असावा' लिहिलं होतं, ते बरोबरीच्यांना शोभतं. 'उत्तराची वाट पाहते' हेही खोडलं. पहिल्या पत्रात मी स्वतःचा पत्ता घातलेला, तिकीट लावलेला लिफाफा ठेवला होता. आप्पा म्हणाले, तो तगादा वाटतो. काही मठ असा लिफाफा मागतात, तिथे जरूर ठेवावा. आमच्याकडे मागत नाहीत.

हो, एक राहिलं. आंतरदेशीय पत्रावर लिहू नका, असंही मला वाटतं. त्यात आत काही घालता येत नाही, आणि मला घाण्याच्या जागेचा छोटा फोटो पाठवायचा होता. नोटा मात्र लिफाफ्यात कधीच घालू नयेत. आणि या वेळी लिफाफ्याच्या वर डाव्या कोपऱ्यात ठळक अक्षरांत 'केवळ आशीर्वादासाठी' लिहिलं. हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

पाडव्यापर्यंत उत्तर आलं नाही. आप्पांनी नारळ फोडला, आम्ही पहिली घाणी काढली. माझ्या मनात खळखळ नव्हती, कारण थांबण्यासारखं पत्रात काही उरलंच नव्हतं. नवव्या दिवशी मठाच्या लिफाफ्यातून अक्षतांची पुडी आली, सोबत एक ओळही नाही. आप्पांनी चार अक्षता घाण्यावर टाकल्या. उरलेल्या गल्ल्यात ठेवल्या आहेत.