एकच फ्रीज, एप्रिलमध्येही घेतलेला आणि मेमध्येही

घरखर्चाच्या सर्वेक्षणात मी सुपरवायझर म्हणून काम करते, म्हणजे गणक पोरं-पोरी घरोघरी जाऊन फॉर्म भरतात आणि मी त्यांच्या मागून जाऊन तपासते. यावेळचं काम सांगोला तालुक्यातल्या गावांमध्ये होतं आणि त्यात प्रत्येक घरी दोनदा जायचं होतं, एकदा एप्रिलमध्ये आणि पुन्हा मेमध्ये. मुख्य कार्यालयातल्या एका साहेबांना हे पटत नव्हतं, कारण पहिल्या भेटीतला मोठ्या वस्तूंच्या खर्चाचा आकडा अंतिम बेरजेत धरायचाच नाही असं आराखड्यात लिहिलेलं. त्यांचं म्हणणं, पगार दिला, गाडीभाडं दिलं, लोकांनी बसून उत्तरं दिली आणि ती आपण टाकून का द्यायची? प्रश्न रास्तच होता. मे महिन्याच्या फेरीत ते एक दिवस आमच्याबरोबर आले आणि त्या दिवशी एका घरात जे झालं ते मला इथे नीट लिहून ठेवायचंय.

आधी एप्रिलचं सांगते. 12 एप्रिलला त्या घरी मावशींनी माहिती दिली होती. प्रश्न साधा, गेल्या 30 दिवसांत घरात टिकाऊ अशी काय वस्तू घेतली आणि कितीला. मावशी म्हणाल्या फ्रीज 16,500, पाडव्याला कुकर 1,800 आणि उन्हाळा लागला म्हणून टेबल फॅन 1,400. बेरीज 19,700. पहिल्या भेटीत आम्ही मुद्दाम घासाघीस करत नाही, आठवतंय ते सगळं येऊ दे म्हणतो, कारण ही यादीच पुढच्या महिन्यात कुंपण म्हणून वापरायची असते.

12 मेला आम्ही परत गेलो तेव्हा मावशी रानात होत्या आणि थोरला मुलगा घरी होता. टॅबलेटवर मागची यादी आपोआप यायला पाहिजे होती पण त्या दिवशी रेंजच नव्हती आणि ती काही उघडेना. गणक मुलीने मग सरळ प्रश्न विचारला, गेल्या 30 दिवसांत काय घेतलं? मुलगा जराही न अडखळता म्हणाला, "कूलर घेतला की, सहा हजारला. आन् फ्रीज घेतलाय, साडेसोळा."

साहेब माझ्याकडे बघायला लागले, त्यांना वाटलं दुसरा फ्रीज. माझ्याकडे पहिल्या भेटीच्या यादीचा कागद होता, मी तो मुलीच्या हातात दिला आणि नियमाप्रमाणे तिने तो वाचून दाखवला, की दादा, 12 एप्रिलला आम्ही आलो होतो तेव्हा मावशींनी फ्रीज, कुकर आणि टेबल फॅन सांगितला होता, त्यानंतर आजपर्यंत काय काय नवीन आलं घरात? मुलगा थोडा थांबला. म्हणाला, "मग फ्रीज त्योच. नवा न्हाई. कूलर तेवढा नंतरचा."

एवढ्यात मावशी आल्या आणि त्या म्हणाल्या, "आगं त्यो तर मागच्याच टायमाला सांगितला की तुला." साहेबांनी विचारलं वॉरंटी कार्ड आहे का, मावशींनी ट्रंकेतून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं काढून दिलं. दुकानाचा निळा शिक्का आणि त्यावर पेनने तारीख, 3 फेब्रुवारी.

म्हणजे मेमधला फ्रीज तर खोटा होताच, एप्रिलमधलाही 30 दिवसांतला नव्हता. एप्रिलची खिडकी, म्हणजे ज्यांच्याबद्दल विचारलं ते 30 दिवस, मार्चच्या मध्यापासून सुरू होत होती आणि फ्रीज महाशिवरात्रीच्याही आधीचा. दोन वेगवेगळ्या माणसांनी दोन वेगवेगळ्या महिन्यांत त्याच फ्रीजला "आत्ताच घेतला" म्हटलं, आणि दोघांपैकी एकही खोटं बोलत नव्हता हे मला ठासून सांगायचंय. लोक आकडा फुगवून सांगतात असा एक समज आमच्याच क्षेत्रात आहे आणि तो मला मनापासून खटकतो. मावशींना किंमत बरोबर आठवत होती, कुठल्या दुकानातून आणला ते आठवत होतं, त्याचे हप्ते अजून चालू होते म्हणून विषय घरात दर महिन्याला निघत होता. त्यांना नेमकी आठवत नव्हती ती फक्त तारीख.

जुनी गोष्ट अशी पुढे सरकून अलीकडची वाटायला लागते त्याला आमच्याकडे टेलिस्कोपिंग म्हणतात. चुका दोन्ही बाजूंना होतात, कधीकधी अलीकडची खरेदीही मागे ढकलली जाते, मग बेरजेत फुगवटाच का येतो असं साहेबांनी चहाच्या टपरीवर विचारलं. त्याचं कारण असं, की 30 दिवसांच्या खिडकीला एका टोकाला आजचा दिवस आहे, तिथून काही आत घुसू शकत नाही कारण उद्याची खरेदी अजून झालेलीच नाही. दुसऱ्या टोकाला मात्र मागचे सगळे महिने रांगेत उभे आहेत, आणि गोष्ट जितकी जुनी तितका तारखेचा अंदाज जास्त सैल, त्यामुळे तिकडून आत येणारं हे आतून बाहेर जाणाऱ्यापेक्षा जास्त भरतं. शिवाय आत येतात त्या ठळक, महाग वस्तू. चप्पल शिवून घेतली किंवा गिरणीत दळण दिलं असलं काही पुढे सरकत नाही, ते सरळ विसरलंच जातं.

हे अमेरिकेत जॉन नेटर आणि जोसेफ वॅक्सबर्ग यांनी फार बारकाईने मोजलेलं आहे. तिथल्या जनगणना खात्याच्या घरदुरुस्तीच्या खर्चावरच्या सर्वेक्षणात त्यांनी काही घरांना नुसतं "गेल्या महिन्यात काय खर्च केला" विचारलं आणि काहींना आधीच्या भेटीतली कामं सांगून मग नवीन विचारलं. 1964 साली त्यांचा लेख आला. नुसतं विचारलेल्या घरांत कामांची संख्या साधारण 40 टक्के जास्त निघाली आणि खर्च साधारण 55 टक्के जास्त. संख्येपेक्षा रक्कम जास्त फुगते यातच कळतं की सरकून येतात ती मोठी कामं. मागच्या भेटीची यादी समोर ठेवून विचारायच्या या पद्धतीला बाउंडेड रिकॉल म्हणतात.

आता त्या घराचा हिशोब बघा. एप्रिलचा आकडा धरला असता तर 19,700, वॉरंटी कार्डाप्रमाणे खरा आकडा कुकर आणि फॅन मिळून 3,200. मेमध्ये यादी न वाचता फॉर्म पुढे गेला असता तर 22,500, यादी वाचल्यावर 6,000. आणि वर्षाचा अंदाज काढताना महिन्याच्या आकड्याला बाराने गुणतात, म्हणजे 72,000 च्या जागी 2,70,000. एका घराला कोणी असा गुणाकार करत नाही हे खरं, पण सगळ्या घरांची सरासरी काढून तिला बाराने गुणलं की प्रत्येक सरकून आलेला फ्रीज त्यात बारा वेळा मोजला जातो.

साहेबांनी मग सुचवलं, की पहिल्याच भेटीत वॉरंटी कार्ड मागा, दुसरी भेट कशाला? कार्ड असेल तर उत्तमच, पण पलंग गावातल्या सुताराकडून केलेला असतो, कपाट बाजारात रोख घेतलेलं असतं, घरावर पत्रे टाकले त्याची पावती कोण ठेवतं. सणावरून विचारणं हा त्यातल्या त्यात चांगला उपाय आहे, महाशिवरात्रीच्या आधी की नंतर, पाडव्याला होता का घरात, असं विचारलं की बरीच उत्तरं जागेवर येतात आणि आम्ही ते करतोही. तरी सण खिडकीच्या कडेला नेमका पडेलच असं नाही. आमची स्वतःची भेट मात्र नेमकी कडेलाच पडते, आणि तेव्हा काय सांगितलं होतं ते लिहिलेलं असतं.

याने सगळं सुटतं असंही नाही. विसरण्यावर बाउंडेड रिकॉलचा काही उपाय चालत नाही, मुलाने सांगितलं नसतं आणि मावशीही विसरल्या असत्या तर कूलर गेलाच असता, यादीत जे आहे त्यानेच आपण ताडून बघतो. रोजच्या बारीक खर्चासाठी कालावधी कमी करावा लागतो, पण तो सात दिवसांचा केला की आठव्या-नवव्या दिवसाची खरेदी आत घुसायला जास्त वाव मिळतो. दुसरी अडचण म्हणजे दुसऱ्या भेटीपर्यंत माणसं शहाणी होतात, त्यांना कळलेलं असतं की एका वस्तूला हो म्हटलं की पुढे चार प्रश्न येतात, मग "काय नवीन न्हाई" म्हणून मोकळे होतात. त्यामुळे दुसऱ्या भेटीत खर्च कमी दिसला तर तो सगळा खरेपणामुळेच कमी झाला असं मी कधीच म्हणणार नाही. आणि पैसे तर लागतातच, अमेरिकेतल्या ग्राहक खर्च सर्वेक्षणाने त्यांची अशी पहिली भेट 2015 पासून बंद केली.

साहेबांनी आणखी एक विचारलं, सरकारी घरखर्च सर्वेक्षणातही 2022-23 पासून एका घरी तीनदा जातात, ते हेच का? नाही, तिथे तीन भेटींत तीन वेगळ्या प्रश्नावल्या असतात, खाण्याच्या वस्तू, इतर वापराच्या वस्तू व सेवा आणि टिकाऊ वस्तू. फ्रीजबद्दल एकदाच विचारतात, पण 365 दिवसांचा. वर्षभराची खिडकी घेतली की कडेवरून घुसलेला फ्रीज एकदाच मोजला जातो, बाराने गुणला जात नाही, आणि ते सहन होण्यासारखं आहे. आमचा अभ्यास महिन्यामहिन्याचा बदल बघायचा होता म्हणून आम्हाला वर्षाची खिडकी चालणार नव्हती.

संध्याकाळी साहेबांनीच फोन करून सांगितलं की पहिल्या भेटीचा टिकाऊ वस्तूंचा आकडा बेरजेत धरायचा नाही हे कायम. त्याच रात्री मी सगळ्या गणकांना चार गोष्टी कळवल्या. टॅबलेट चालो न चालो, मागच्या यादीची छापील प्रत जवळ पाहिजे. "गेल्या 30 दिवसांत" म्हणायचं नाही, "आम्ही अमुक तारखेला आलो होतो तेव्हापासून" म्हणायचं, आणि यादी आधी वाचायची, प्रश्न नंतर. दोन्ही भेटींच्या तारखा फॉर्मवर टाकायच्या, कारण पाऊस किंवा लग्नामुळे दुसरी भेट 36 दिवसांनी झाली तर खर्च 36 दिवसांचा असतो आणि ऑफिसला त्याला 36 ने भागून दिवसाचा काढावा लागतो. यादीतलीच वस्तू कोणी परत सांगितली तर लगेच खोडायची नाही, एकदा विचारायचं की तीच की दुसरी, कारण पुढच्याच गावात एका घरी यादीत शिलाई मशीन होतं आणि बाईंनी पुन्हा शिलाई मशीन सांगितलं, आणि ते खरंच दुसरं निघालं, सुनेसाठी घेतलेलं.