तीन वाजून चाळीस मिनिटं

सातवीच्या शिष्यवृत्तीचे जादा तास शाळा भरण्याआधी असायचे. एके दिवशी सरांनी विचारलं, "३ वाजून ४० मिनिटांनी काट्यांमध्ये कोन किती?" मिनिटकाटा ८ वर, तासकाटा ३ वर, मध्ये पाच घरं, घराला ३० अंश. आम्ही एका सुरात ओरडलो, "दीडशे!"

सर काही बोलले नाहीत. ऑफिसातलं भिंतीवरचं घड्याळ काढून आणलं, बरोबर ३ ला लावलं आणि मागची चावी हळूहळू फिरवत राहिले. मिनिटकाटा ८ वर पोचला तेव्हा तासकाटा ३ सोडून ४ कडे निघालेला होता. "हा काय तुमची वाट बघत थांबतो काय रे?" तासकाटा तासाला ३० अंश सरकतो, म्हणजे मिनिटाला अर्धा. ४० मिनिटांत २० अंश. दीडशेतून २० गेले, उत्तर १३०.

सूत्र त्यांनी नंतर दिलं: तासांची ३० पट आणि मिनिटांची साडेपाच पट, यांतला फरक. इथे ९० आणि २२०, फरक १३०. फरक १८० च्या वर गेला तर ३६० मधून वजा करायचा. १० वाजून १० मिनिटांना ३०० वजा ५५ म्हणजे २४५ येतात, म्हणून लहान कोन ११५. मला मात्र सूत्रापेक्षा ती चावीच जास्त आठवते.

वार काढण्याच्या गणितातही सरांचं लक्ष असंच हिशोबातून निसटणाऱ्या गोष्टीवर असे. साध्या वर्षात ५२ आठवडे होऊन एक दिवस उरतो, लीप वर्षात दोन. १५ ऑगस्ट १९४७ ला शुक्रवार होता, तर १ मे १९६० ला कोणता वार? १५ ऑगस्ट १९५९ पर्यंत १२ वर्षं, त्यांत १९४८, ५२ आणि ५६ ही तीन लीप. जादा दिवस १५, सातने भागून उरला एक, म्हणजे शनिवार. पुढे १ मेपर्यंत महिने मोजले की २६० दिवस होतात, त्यातही एकच उरतो. रविवार. माझा रविवार यायचा नाही, शनिवार यायचा, कारण १९६० च्या फेब्रुवारीला मी २८ दिवसच द्यायचो. "वर्ष मोजताना लीप आठवतं, महिने मोजताना विसरतोस," असं म्हणून सर वहीत २९ ला लाल गोल करायचे.

पुढे पोलीस भरतीच्या पेपरात ७ वाजून २० मिनिटं आली. ७ आणि ४ मध्ये तीन घरं, आणि पहिलाच पर्याय ९० अंश. पेपर काढणाऱ्यालाही आमचा वर्ग माहीत असावा. मी तासकाट्याला त्याचे १० अंश दिले आणि १०० चा गोल काळा केला.