अकरा मात्रांची ‘वाट’

गेल्या कार्तिकात खानापूर तालुक्यातल्या एका गावचं भजनी मंडळ माझ्याकडं बेळगावात आलं. देवळात बसून रेकॉर्ड केलेलं गाणं, सहा मिनिटं चाळीस सेकंदांचं. बुवांनी स्वतः रचलेला अभंग. सोबत सप्ताहाचे आणि पालखीचे नव्वदेक फोटो. “फोटो फिरवत ठेवायचे, खाली ओळी द्यायच्या. लई काही नको,” मंडळाचा पोरगा म्हणाला. मीही मान डोलावली. आमच्या धंद्यात लग्नाचा व्हिडिओ म्हणजे काम आणि भजनाचा म्हणजे उरकायचं, असाच सगळ्यांचा हिशेब असतो.

फोटो व्हॉट्सॲपवरून आलेले. म्हणजे लांब बाजू १६०० पिक्सेल, आणि आत साठवलेली तारीख-वेळ पुसलेली. कुठला आधीचा, कुठला नंतरचा, कळायला मार्ग नाही. डॉक्युमेंट म्हणून पाठवा असं कितीही सांगा, पोरं ऐकत नाहीत. लहान फोटोवर हळू झूम लावला की कळसाच्या नक्षीत मुंग्या चालल्यासारखं वळवळतं. एका फ्रेमला अर्धा पिक्सेलही सरकत नाही, म्हणून तसं होतं. गाणं जितकं संथ, तितकं ते जास्त दिसतं.

ओळींसाठी मी ठेका मोजला. आठ मात्रांचा भजनी, सुरुवातीला बरोबर सेकंदाला एक मात्रा, म्हणजे मिनिटाला साठ. सोपं! एक ओळ दोन आवर्तनांत, सोळा सेकंद. टाइमलाइनवर सोळा-सोळा सेकंदांच्या खुणा मारल्या, ओळी चिकटवल्या, गेलो जेवायला.

संध्याकाळी बुवा स्वतः आले. सत्तरीचे, पण ताठ. पहिला अंतरा बघून खूश. तिसऱ्यात म्हणाले, “आम्ही अजून मागंच हाय की. तुमची अक्षरं पुढं पळालेत.”

खरंच होतं. कानात ठरलेल्या लयीची टिकटिक लावून गायलेलं गाणं नव्हतं ते. तिसऱ्या अंतऱ्यापर्यंत लय सत्तावन्नवर उतरलेली. साठ मात्रांना साठच्या ऐवजी त्रेसष्ट सेकंद लागत होते. दर मिनिटाला माझ्या ओळी तीन सेकंद पुढं जात होत्या.

मग मी चलाखी केली. बुवा चहाला गेले तेवढ्यात गाणंच ताणून-आवळून साठवर सरळ करून टाकलं. टाळांचा ‘किण्ण’ फुटला, पत्र्यावर खडे पडल्यागत वाजायला लागला. बुवा दारातूनच म्हणाले, “हे आमचं न्हवं.” तेवढ्यावरच माझी चोरी संपली.

शेवटी त्यांना शेजारी बसवलं. ते टेबलावर बोटानं ठेका धरायचे, शब्द उच्चारला की मी कीबोर्डवरचं `M` दाबून खूण टाकायचो. पहिला अंतरा सगळा उशिरा पडला, कारण कानात ब्लूटूथचा हेडफोन होता. आवाजच पाच-सहा फ्रेम मागून येत होता. वायरचा लावला, पुन्हा बसलो.

“दिवस मावळे, चुकेना ही वाट” या ओळीत ‘दिवस मावळे’ चार मात्रांत संपतं, ‘चुकेना ही’ एका मात्रेत निघून जातं, आणि ‘वाट’ बुवा अकरा मात्रा धरून ठेवतात. ओळ पूर्ण दाखवली तर वाचणारा दोन सेकंदांत मोकळा होऊन इकडंतिकडं बघतो. तोडून दाखवली तर म्हणणाऱ्याला पुढचं दिसत नाही. म्हणून ओळ पूर्ण ठेवली, आणि गाणं पुढं जाईल तसा तिच्यात रंग शब्दाच्या पायरीनं भरला. अक्षराअक्षरानं भरला असता तर जोडाक्षरं तुटली असती. शिवाय प्रत्येक शब्दाचा रंग आठ फ्रेम आधी सुरू केला. गाणाऱ्याला श्वास घ्यायला तेवढं लागतं.

ओळी खाली ठेवल्या होत्या, त्या नेमक्या मूर्तीच्या पायांवर आल्या. बुवा काही बोलले नाहीत, नुसते बघत राहिले. मूर्तीच्या फोटोंपुरत्या मी त्या बाजूला नेल्या.

चौथ्या अंतऱ्यात लय एकदमच पडते. मी पखवाजवाल्याला दोष दिला. बुवा हसले. “पालखी उंबरा ओलांडत होती रे. भोई वाकले, तसं आम्ही थांबून-थांबून म्हटलं.” मग फोटोंच्या ढिगातून त्यांनीच तो क्षण काढला. हललेला, अंधारा, एका भोयाचं अर्धं डोकं कापलेलं. मी तो टाकूनच दिला होता. आता तो एकोणीस सेकंद आहे, झूम न लावता. धंद्याच्या हिशेबानं ती चूकच. एखादा जाणकार बघून हसेल, हे अजून मनातून जात नाही.

परवा मंडळाच्या पोराचा फोन आला. “दादा, स्टेटसला तीस सेकंदांचं कापून द्या की.” तीस सेकंदांत दोन ओळीही बसत नाहीत. कुठून कापू, ते बुवांना विचारून कळवतो म्हटलंय. अजून विचारलेलं नाही.