490 ग्रॅमचा टॉवेल आणि रात्री अकराचा मेसेज

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या अंतर्गत समितीवर मी बाहेरची सदस्य आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दलच्या 2013 च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथं अशी समिती लागते आणि तिच्यावर एक जण बाहेरचा असावा लागतो. तिथलीच ही केस. ओळख पटेल असे तपशील मी बदललेत, कारण तक्रारदाराचं आणि समोरच्याचं नाव-गाव बाहेर फोडायला कलम 16 ची मनाई आहे.

ती तक्रार घेऊन आलीच नव्हती. एक्स्पोर्ट विभागात मर्चंडायझर म्हणून लागून तिला पाच महिने झाले होते आणि प्रोबेशन सहा महिन्यांचं होतं. जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच बाजूला ठेवून म्हणाली, "ताई, मला कुणाविरुद्ध काही लिहून द्यायचं नाही. सर मला शिकवतात, का त्यांना मी आवडते, का तिसरंच काही आहे, एवढंच कळत नाही. घरी सांगितलं तर नोकरी सोड म्हणतील."

सर म्हणजे तिचे एक्स्पोर्ट मॅनेजर. वय चव्वेचाळीस, कामात हुशार, आणि प्रोबेशनच्या कागदावर सही त्यांचीच.

अशा वेळी बहुतेक जण त्या माणसाच्या मनात काय आहे ते शोधायला जातात. तो शोध वाट चुकवतो. मनातलं आपल्याला दिसत नाही आणि विचारलं तर कुणी खरं सांगेलच असं नाही. त्याच्या हातात काय आहे आणि तो ते कसं वापरतो, हे मात्र दिसतं. म्हणून मी तिला मेसेज उघडायला लावले आणि वहीत रेघा मारून पाच रकाने पाडले. तारीख, वेळ, सुरुवात कुणी केली, विषय कामाचा की नाही, आणि पाचवा: मी उत्तर दिलं नसतं तर माझं काय अडलं असतं? हा पाचवा रकाना भरताना माणूस थबकतो. तीही थबकली.

पहिला महिना वाचताना मला खरोखर चांगलं वाटलं. सर कॉस्टिंग शिकवत होते. 70 बाय 140 सेंटिमीटरचा टॉवेल, 500 जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला 500 ग्रॅम, तर एका नगाचं वजन 490 ग्रॅम. त्यावर विणाईतली आणि रंगाईतली घट धरून सूत किती लागेल ते काढायचं, मग बायरला भाव द्यायचा. तिच्याच बरोबर लागलेला एक मुलगाही या शिकवणीत असायचा. ऑफिस सुटल्यावरचे मेसेज महिन्यात चार, चारही कामाचे. मार्गदर्शन असं दिसतं. त्याला विषय असतो, तो चार माणसांत चालतो आणि ज्याला शिकायचंय त्या कुणालाही मिळतो.

तिसऱ्या महिन्यापासून वही बदलली. रात्री नऊनंतरचे एकतीस मेसेज, त्यातले सहा कामाचे. एकोणतीस सरांनी सुरू केलेले. तो मुलगा शिकवणीतून कधी गळाला हे कुणी सांगितलंही नव्हतं. मुख्य म्हणजे शिकवण्याचा विषयच बदलला होता. टॉवेल मागे पडला आणि तिच्याबद्दल बोलणं सुरू झालं. "तू इतरांसारखी नाहीस." "घरी मला कुणी समजून घेत नाही." "आज निळ्या ड्रेसमुळे माझं कामात लक्षच लागलं नाही." आणि एकदा, "पुण्याला बायरकडे जायचंय, मुक्काम करावा लागेल, आपण दोघंच." सोलापूरहून सकाळी निघून पुण्याचं काम उरकून रात्री घरी परत येता येतं, हे दोघांनाही माहीत होतं.

तिची उत्तरं मी वेगळी वाचली. पहिल्या महिन्यात ती पूर्ण वाक्यं लिहायची, शंका विचारायची. चौथ्या महिन्यात "हो सर", "बरं सर" आणि हात जोडल्याची खूण, एवढंच. माणूस नको म्हणू शकत नाही तेव्हा वाक्यं अशी आखडत जातात.

एवढ्यावर मी तिला काय सांगावं? कौतुकाची जागा ड्रेसनं घेतली तेव्हा ते मार्गदर्शन राहिलं नव्हतं, हे मी तिला सांगितलं. पण प्रेम असेल का, हा तिचा प्रश्न उरत होता. त्यावर माझं मत स्पष्ट आहे. वरिष्ठाच्या मनात खरंच ओढ असू शकते आणि तरीही तो सत्तेचा प्रश्न असू शकतो. दोन्ही एकाच वेळी खरं असतं. ज्याच्या सहीवर आपली नोकरी टिकते त्याला दिलेलं "हो" किती मोकळं आहे, हे देणाऱ्यालाही नीट सांगता येत नाही. म्हणून मी "हो" पेक्षा "नाही"कडे बघते. एक लहान नकार द्यावा आणि दोन-तीन आठवडे कामाचं काय होतं ते टिपावं.

मात्र हे सगळ्यांना लागू नाही. अंगाला हात लागला असेल, धमकी असेल, किंवा एकटं गाठलं जात असेल, तर नकार देऊन बघत बसायचं नाही, सरळ लेखी तक्रार करायची. आणि नकार तोंडानं दिला नाही म्हणून तक्रार कमजोर होत नाही. वागणं नकोसं होतं का, हे कायदा बघतो. तिच्या बाबतीत भीती होती, पण धोका लगेचचा दिसत नव्हता, आणि तिला स्वतःलाच खात्री करून घ्यायची होती, म्हणून हा मार्ग.

नकाराचं वाक्य आम्ही दोघींनी बसून घडवलं. तिचं पहिलं वाक्य होतं, "सर, रात्री फोन घेतला तर आई रागावते." ते मी खोडायला लावलं. सबब दिली की समोरचा सबबच सोडवतो. आई झोपल्यावर बोलू म्हणतो, आईला मी समजावतो म्हणतो, आणि नकार त्याच्या कानावर पडतच नाही. शेवटी तिनं लिहिलं, "सर, रात्री नऊनंतर मी फोन बघत नाही. कामाचं तातडीचं असेल तर डिपार्टमेंटच्या ग्रुपवर टाका, सकाळी साडेनऊला करते." आणि संध्याकाळी गाडीतून सात रस्ता चौकापर्यंत सोडण्याबद्दल, "धन्यवाद सर, मी रिक्षानं जाईन." त्यात माफी नव्हती आणि कारणही नव्हतं.

ज्याला शिकवायचंय तो यावर "ठीक आहे" म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी कॉस्टिंगचा कागद पुढं सरकवतो. ज्याचं मन गुंतलंय तो दुखावतो, एखादा दिवस गप्प राहतो, पण तिचं काम तिच्याजवळच राहतं. तिसऱ्या प्रकारात दुखावण्याचा हिशोब कामातून वसूल होतो.

चार दिवस शांतता होती. पाचव्या दिवशी बायरच्या मेलमधून तिचं नाव गळलं. पुढच्या आठवड्यात सॅम्पल मंजुरीचे तिचे कागद सरांच्या टेबलावर पडून राहिले आणि डिस्पॅच उशिरा झाल्याचा ठपका मीटिंगमध्ये तिच्यावर आला. मग प्रोबेशनबद्दल, "अजून थोडं बघू." आणि त्याच रात्री मेसेज, "मी तुझ्यासाठी किती केलं, याची तुला किंमत नाही."

नकाराच्या तारखेपासून तीन आठवड्यांचं ते पान तिनं माझ्यासमोर धरलं. मला काही सांगावं लागलं नाही.

तिनं लेखी तक्रार दिली. मुदत घटनेपासून तीन महिने, आणि घटनांची साखळी असेल तर शेवटच्या घटनेपासून. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. सोबत साक्षीदारांची नावं आणि मेसेज. इथं एक चूक नेहमी होते. किळस येते म्हणून मुली मेसेज पुसून टाकतात. तिनंही काही पुसले होते. पुसू नये. पूर्ण चॅट एक्स्पोर्ट करून ठेवावी, तारीख आणि नंबर दिसेल असे फोटो काढावेत आणि मूळ फोन जपावा. दुसरी चूक म्हणजे आधी राजीनामा देणं. तक्रारीचा हक्क त्यानं जात नाही, पण हातातलं काम, मेल आणि सोबतची माणसं दूर जातात.

चौकशी चालू असताना पहिलं काम प्रोबेशनचं केलं. या कायद्याच्या नियम 8 प्रमाणे समितीच्या शिफारशीवर मालकाला तक्रारदाराच्या कामाचं मूल्यमापन त्या अधिकाऱ्याकडून काढून दुसऱ्याकडे देता येतं. हे लेखी मागावं लागतं, आणि माझ्या अनुभवात फार थोड्या जणींना हे ठाऊक असतं. तिच्या कागदावर सही मग प्रॉडक्शन हेडनं केली.

सरांनी तिच्या हात जोडलेल्या खुणांचे आणि एका हसऱ्या चेहऱ्याचे फोटो पुढं ठेवले. "तिला आवडत होतं, हे बघा." आम्ही ते बाजूला सारले नाहीत. तारखेनं लावून वाचले. हसरा चेहरा पहिल्या महिन्यातला, कॉस्टिंग बरोबर आल्याचा होता. निळ्या ड्रेसच्या मेसेजखाली काहीच उत्तर नव्हतं. त्या मुलाची साक्षही महत्त्वाची ठरली, कारण शिकवणी दोघांची होती ती एकीचीच कशी झाली हे त्यानं तारखांसकट सांगितलं. सर शेवटी म्हणाले, "माझा हेतू वाईट नव्हता. ती मला मनापासून आवडत होती." ते खरं असेल, असं मला आजही वाटतं. आमच्यापुढचा प्रश्न तो नव्हता.

या कायद्याची मर्यादाही इथंच दिसते. ड्रेसचा आणि मुक्कामाचा मेसेज नसता, नुसतं नाव गाळणं आणि कागद अडवणं असतं, तर वागणं लैंगिक स्वरूपाचं आहे हे म्हणता आलं नसतं. मग तो एचआरकडचा पक्षपाताचा विषय झाला असता. दोन्ही धागे जुळले म्हणून कलम 3 मधली कामात अडथळा आणि नोकरीबद्दलची धमकी ही कलमं लागली.

चौकशी नव्वद दिवसांच्या आत संपली आणि अहवाल दहा दिवसांत मालकाकडे गेला. शिफारस होती लेखी ताकीद, वर्षाची वेतनवाढ रोखणं आणि महिला कर्मचाऱ्यांचं मूल्यमापन त्यांच्याकडे न ठेवणं. मालकानं साठ दिवसांच्या मुदतीत ती अमलात आणली. सोलापुरात दहापेक्षा कमी माणसांची किती तरी कारखानदारी आहे, आणि काही ठिकाणी मालकच तो वरिष्ठ असतो. अशी तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते.

निकालाच्या दिवशी तिनं विचारलं, "ताई, मग पहिल्या महिन्यातलं शिकवणंसुद्धा खोटंच होतं का?" मी वहीचं पहिलं पान काढलं. चार मेसेज, चारही कामाचे, सोबत तो मुलगा. ते खरं होतं, असंच मी तिला सांगितलं. कॉस्टिंग ती आता स्वतः करते, आणि नव्या मुलीला 490 ग्रॅमचा हिशोब शिकवताना त्या मुलालाही शेजारी बसवते.