कूलरचं बिल

मे महिन्यात जळगावात करसल्लागाराच्या फायलीत कूलरची बिलं येणारच. माझ्या एका कापड दुकानदार अशिलाने दुकानासाठी १२,५०० रुपयांचा कूलर घेतला होता, किंमत सर्व करांसह. बिलाखाली फोड होती: मूळ किंमत १०,२५०, जीएसटी १८ टक्के, २,२५०. बेरीज जुळत होती, म्हणून ऑफिसातल्या पोराने टिक मारून बिल पुढे सरकवलं. खोटं कशाला बोलू, मीही सरकवलं असतं.

जूनच्या चौदा तारखेनंतर २बी, म्हणजे विकणाऱ्यांनी भरलेल्या बिलांचा जीएसटी पोर्टलवरचा तक्ता, उतरवून ताळा करायला बसलो, तर त्यात या बिलाचा कर १,८४५ दिसला. ४०५ रुपये कुठे गेले? आमच्या धंद्यात पहिला संशय विकणाऱ्याच्या नियतीवर जातो, माझाही गेला. मग १०,२५० चे अठरा टक्के काढले. बरोबर १,८४५. म्हणजे त्यांनी रिटर्नमध्ये मूळ किंमत आणि दर भरला होता आणि कर त्यावरूनच आला होता. खोट फोडीत होती.

संध्याकाळी कूलरवाल्याच्या दुकानात गेलो. बिलं करणाऱ्या पोराला म्हटलं, हिशोब करून दाखव. त्याने कॅल्क्युलेटरवर १२,५०० वजा १८ टक्के दाबलं, १०,२५० आलं.

"भाऊ, पैसा त् तेवढाच लिधा ना!" मालक मागून म्हणाले.

पैसा तेवढाच, पण कर मूळ किमतीवर लागतो आणि पोराने तो कर धरलेल्या किमतीवर काढला. शंभराच्या मालावर अठरा कर, म्हणजे गिऱ्हाइकाने दिलेल्या ११८ मधले १८ सरकारचे. म्हणून १२,५०० ला १.१८ ने भागायचं: १०,५९३.२२. उरलेले १,९०६.७८ हा कर, त्याचे निम्मे केंद्राचे, निम्मे राज्याचे, ९५३.३९ प्रत्येकी. ताळा सोपा आहे. आलेल्या मूळ किमतीवर पुन्हा अठरा टक्के चढवा, छापील रक्कम परत यायला हवी. १०,२५० वर चढवले तर १२,०९५ येतात.

म्हणजे बिलातला कर चूक आणि रिटर्नमधलाही चूक. माझ्या अशिलाने बिल पाहून २,२५० चं क्रेडिट, म्हणजे स्वतःच्या करातून तेवढी वजावट, घेतलं असतं तर उद्या नोटीस त्याला आली असती, आणि कूलरवाल्याने ६१.७८ कमी भरलेच होते. गंमत म्हणजे त्याच कॅल्क्युलेटरवर 'टॅक्स मायनस'चं बटण होतं. दर एकदा भरून ठेवला की ते भागाकारच करतं. दोन वर्षांत कोणी दाबलं नव्हतं. वर मालक म्हणतात, पोरगं बीकॉम आहे!

बिल दुरुस्त करून विक्रीच्या पुढच्या रिटर्नमध्ये, म्हणजे जीएसटीआर-१ च्या ९अ तक्त्यात टाका, असं सांगितलं. मालक मान हलवत राहिले. पोरगं मात्र गप्प झालं होतं. त्याने बिलबुक उलटं चाळायला घेतलं आणि प्रत्येक पानावर थांबून भागायला लागलं.

"काका," मिक्सर आणि एलईडी बल्बच्या बिलापाशी थांबून त्याने विचारलं, "ही सगळी अशीच केलीत. किती मागे जाऊ?"