मिलिओहम मीटर, भाग ३: मामाच्या स्टार्टरवर पहिली खरी परीक्षा

मागच्या वेळी लिहिलं होतं की अगदी कमी, मिलिओहममधला रेझिस्टन्स मोजायचा चार वायरचा जुगाड तयार झाला पण अजून टेबलावरच आहे, तर या आठवड्यात तो पहिल्यांदा बाहेर निघाला, खानापूरला मामाच्या शेतावर. मलप्रभेच्या काठावर साडेसात एचपीची मोटर आहे, थेट डीओएल स्टार्टरवर. महिनाभर त्यातली एक फेज गरम होत होती, मधल्या फेजच्या वायरीचं इन्सुलेशन टोकाला दाबून बसवलेल्या लगजवळ तपकिरी झालं होतं आणि झाकण उघडलं की जळकट वास यायचा. गावातला वायरमन बघून गेला आणि म्हणाला काँटॅक्टर, म्हणजे स्टार्टरमधला मोटर चालू-बंद करणारा स्विच, गेलाय, नवीन घ्या. मामाही तयार होते, म्हटलं थांबा दोन दिवस, मी येतो.

सगळ्यात आधी साधा मल्टीमीटर लावला, कारण सगळे तेच करतात आणि त्याचं काय होतं ते मामांना दाखवायचंच होतं. मेन फ्यूज काढून खिशात ठेवले, टेस्टरने आणि मीटरने तिन्ही फेज मेल्याची खात्री केली, मग मामांनी काँटॅक्टरचा मधला भाग बोटाने पूर्ण आत दाबून धरला आणि मी २०० ओहम रेंजवर तिन्ही पोल बघितले. ०.३, ०.४, ०.३. मग दोन प्रोब एकमेकांना टेकवले, ०.३. म्हणजे मीटर मला काँटॅक्टरबद्दल काहीच सांगत नव्हता, स्वतःच्या वायरींबद्दल सांगत होता.

हे नेमकं का होतं ते एकदा नीट बघूया. दोन वायरच्या पद्धतीत मीटर ज्या वायरींमधून करंट सोडतो त्याच वायरींमधून व्होल्टेजही वाचतो, त्यामुळे प्रोबची तांब्याची वायर, बनाना प्लगचा सांधा, प्रोबचं टोक जिथं धातूला टेकतं ती जागा, हे सगळं रेझिस्टन्समध्ये जमा होतं. बऱ्याच जणांना वाटतं की रिलेटिव्ह बटण दाबून ०.३ वजा केलं की झालं. वायरीचा भाग खरंच वजा होतो, पण टोकाचा होत नाही, कारण प्रोब प्रत्येक वेळी वेगळ्या दाबाने, वेगळ्या कोनात, कधी ऑक्साइडच्या पापुद्र्यावर बसतो आणि तिथं दहा-वीस मिलिओहम सहज इकडचे तिकडे होतात. आणि आपल्याला शोधायचंय तेच मुळात एक ते वीस मिलिओहम. शिवाय या रेंजवर साधा मीटर साधारण एक मिलिअँपच करंट सोडतो, म्हणजे १९ मिलिओहमवर फक्त १९ मायक्रोव्होल्ट पडणार, ते त्याला दिसणारच नाहीत, डिस्प्लेचा शेवटचा आकडाच १०० मिलिओहमचा आहे.

यावरचा उपाय विल्यम थॉमसन, म्हणजे पुढे जे लॉर्ड केल्विन झाले, त्यांनी १८६१ च्या सुमाराला काढला. करंटच्या दोन वायरी वेगळ्या, व्होल्टेजच्या दोन वेगळ्या. करंटच्या वायरीत किती व्होल्टेज वाया जातं याच्याशी आपल्याला देणंघेणं नाही, कारण तिथं आपण मोजतच नाही. व्होल्टेजच्या वायरींना रेझिस्टन्स असतो, पण मीटरचा इनपुट १० मेगाओहमचा आहे, ८६ मिलिव्होल्टला त्यातून नऊ नॅनोअँपसुद्धा जात नाही, म्हणून टोकाला एक ओहम असो की दहा, रीडिंगमध्ये फरक पडत नाही. सगळी गंमत त्या १० मेगाओहममध्ये आहे.

माझा सेटअप अगदी साधा आहे. ट्रॅक्टरची १२ व्होल्ट बॅटरी, सिरीजमध्ये हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब, त्याच लाइनमध्ये ०.१ ओहम ५ वॅट १ टक्का रेझिस्टर, आणि मग ज्याचं मोजायचं ती वस्तू. बल्ब करंट साडेचार अँपच्या आसपास बांधून ठेवतो आणि शेतात लाइट नसली तरी चालतो, आमच्याकडे थ्री फेज कधी येतं ते सगळ्यांना माहीत आहे. करंट नक्की किती आहे हे मला माहीत असायची गरजच नाही, कारण तोच करंट ०.१ ओहममधूनही जातो, तेव्हा दोन व्होल्टेज वाचायची, वस्तूवरचं Vx आणि ०.१ ओहमवरचं Vref, आणि भाग द्यायचा:

```
Rx = 0.1 * Vx / Vref
```

बॅटरी हळूहळू उतरते म्हणून Vref आधी एकदा आणि नंतर एकदा वाचतो, दोन्ही जवळपास सारखे असले तरच रीडिंग धरतो. त्या ०.१ ओहमवाल्याचीही चार वायरच हवीत बरं का, व्होल्टेजच्या वायरी बॉडीला चिकटून सोल्डर करायच्या, लांब पायांच्या शेवटी केल्या तर पायांचा रेझिस्टन्सही त्यात धरला जातो आणि सगळी उत्तरं कमी येतात.

शेतावर जायच्या आधी घरी २.५ स्क्वेअर एमएमच्या फ्लेक्झिबल वायरीचा बरोबर एक मीटर तुकडा मोजला, कारण त्याचं उत्तर आधीच माहीत असतं, सात ते आठ मिलिओहमच्या मध्ये यायला पाहिजे. पहिल्यांदा आलं १९. परत लावलं १४. परत लावलं २३. अर्धा तास सर्किट तपासत बसलो आणि चूक भलतीकडेच निघाली, मी व्होल्टेजच्या क्रोकोडाइल क्लिपा करंटच्या क्लिपांवरच चावून लावल्या होत्या. वायरी चार होत्या पण मोजमाप दोन वायरचंच होत होतं, कारण करंटची क्लिप आणि तांबं यांच्यातला सांधा व्होल्टेजच्या दोन टोकांच्या आत आला होता. मग क्लिपा काढून शिवणाच्या सुया लावल्या, करंटच्या क्लिपेपासून एकेक सेंटिमीटर आत, सुयांमध्ये बरोबर एक मीटर अंतर ठेवून इन्सुलेशनमधून टोचल्या. ३४ मिलिव्होल्ट, Vref ४४८, म्हणजे ७.६ मिलिओहम. परत लावलं, ७.६. करंटची क्लिप मुद्दाम हलवली, वाकडी केली, दोन्ही व्होल्टेज मिळून थोडी हलली पण भागाकार ७.६ च.

हीच खूण मी आता प्रत्येक वेळी तपासतो. करंटची क्लिप हलवली आणि उत्तर बदललं तर व्होल्टेजची सुई चुकीच्या जागी आहे. व्होल्टेजची सुई कायम करंटच्या सांध्याच्या आतल्या बाजूला, ज्याचं मोजायचं त्याच धातूवर. बाजारातल्या स्वस्त केल्विन क्लिपा घेणार असाल तर दोन जबडे खरंच एकमेकांपासून तुटलेत का ते मीटरवर बघून घ्या, काहींमध्ये आतली स्प्रिंगच दोन्ही जबडे जोडून टाकते. मी कपडे वाळत घालायचे प्लास्टिकचे चिमटे घेतले आणि प्रत्येक जबड्याला पितळी पट्टी चिकटवली, एका पट्टीला करंट, दुसरीला व्होल्टेज, मस्त चालतात.

आता स्टार्टर. करंटच्या क्लिपा येणाऱ्या वायरीवर आणि खालच्या टर्मिनलवर, मामांनी परत काँटॅक्टर दाबून धरला (पूर्ण आत जाईपर्यंत दाबायचा, अर्धवट दाबला तर काँटॅक्टवरचा दाब कमी पडतो आणि रीडिंग नाचतं). सुया वायरीच्या उघड्या तारेपासून खालच्या टर्मिनलपर्यंत. पहिली फेज ५.४ मिलिव्होल्ट, म्हणजे १.२ मिलिओहम. तिसरी ५.९, म्हणजे १.३. आणि मधली ८६ मिलिव्होल्ट, १९.२ मिलिओहम. ज्या तीन पोलांवर मल्टीमीटर ०.३, ०.४, ०.३ म्हणत होता त्यात सोळापट फरक होता. मामा लगेच म्हणाले, "मग काँटॅक्टरच गेलाय की, वायरमन बरोबरच सांगत होता."

पण चार वायरची खरी मजा इथून पुढे आहे. करंट जिथं जोडलाय तिथंच राहू द्यायचा आणि फक्त एक सुई पावलापावलाने सरकवत जायची, कुठं किती मिलिव्होल्ट पडतात ते वाचत. वरची सुई तारेवर, खालची लगच्या तोंडावर: ७८. वरची लगवर, खालची टर्मिनलच्या पितळेवर, स्क्रूच्या पलीकडे: ३. टर्मिनलपासून काँटॅक्ट ओलांडून खालच्या टर्मिनलपर्यंत: ५. बेरीज ८६, म्हणजे मधे कुठं काही सुटलं नाही. काँटॅक्टरचा स्वतःचा हिशोब फक्त १.१ मिलिओहम, शेजारच्या पोलांसारखाच. १७.४ मिलिओहम होते लग आणि वायर यांच्यामध्ये, क्रिम्पमध्ये.

लग कापून उघडला. आत तारांचे अर्धेच पदर दाबले गेले होते, उरलेले काळे पडून सुटे होते, कुणीतरी पकडीने ठोकून बसवलेला होता. मोटर साधारण ११ अँप घेते, म्हणजे ११ चा वर्ग गुणिले ०.०१७४, दोन वॅटच्या वर, नखाएवढ्या जागेत, तासन् तास. आणि सुरू होताना पाच-सहापट करंट जातो, साठ अँप धरला तर काही सेकंद तिथं साठ वॅटच्या वर उष्णता निघते. पदर तापून काळे पडायचे, त्यामुळे रेझिस्टन्स वाढायचा, मग आणखी तापायचे.

नवीन लग बेळगावहून आणला, वायर चांगलं तांबं दिसेपर्यंत कापली, योग्य मापाच्या डायने क्रिम्प केली. परत तीच जागा, तारेपासून लगपर्यंत: ०.४ मिलिव्होल्ट, म्हणजे ०.१ मिलिओहमच्याही खाली, आणि माझा मीटर ०.१ मिलिव्होल्टच दाखवतो म्हणून याच्या खालचं मी काही म्हणणार नाही. पूर्ण मधली फेज आता ६.१ मिलिव्होल्ट. काँटॅक्टर जुनाच आहे, मोटर चार दिवस चालतेय, हात लावला तर तिन्ही फेज सारख्याच कोमट.

दोन गोष्टी लक्षात ठेवा, माझ्या पद्धतीच्या मर्यादा म्हणून. एक, करंट बंद असतानाही सुया लावून बघा, उन्हात तापलेल्या पेटीत वेगवेगळ्या धातूंच्या सांध्यांवर काही मायक्रोव्होल्ट आपोआप तयार होतात. ०.१ मिलिव्होल्टच्या मीटरवर ते दिसत नाहीत, पण पुढच्या महिन्यात मी १० मायक्रोव्होल्ट दाखवणारा मीटर घेतोय तेव्हा दिसतील, मग करंट उलटा करून दोनदा वाचायचं आणि सरासरी काढायची. दुसरं, हा बॅटरी-बल्ब सेटअप मोटरच्या किंवा ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगवर लावून सुई किंवा क्लिप अचानक काढू नका, वाइंडिंग करंट तुटताना जोरात झटका देते, मीटरही जाईल आणि हातालाही बसेल. त्यासाठी डायोड लावून वेगळी व्यवस्था करतोय, झाली की त्याचे आकडे टाकतो, सध्या बल्बच्या जागी काय बसवायचं यावर अडकलोय.