क्लासबाहेर ट्रॉफीचे फोटो का नाहीत?

“सर, बाकी सगळ्या बुद्धिबळाच्या क्लासबाहेर ट्रॉफी घेतलेल्या मुलांचे फ्लेक्स असतात. तुमच्याकडे एकही फोटो नाही. तुमची मुलं जिंकत नाहीत का?”

जिंकतात. गेल्या रविवारीही दोघी जिंकल्या. पण त्या जिंकल्या म्हणजे नेमके काय झाले, हे मी तुम्हाला सांगू लागलो की तुमचे लक्ष उडते, म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

एका दिवसाच्या स्थानिक स्पर्धेत दीडशे मुले असतात. ती सगळी एकाच स्विस लीगमध्ये, म्हणजे दर फेरीला साधारण सारखे गुण असलेल्यांशी गाठ पडत, सात फेऱ्या खेळतात आणि बक्षिसे मात्र वयोगटांनुसार मिळतात: सात, नऊ, अकरा, तेरा आणि पंधरा वर्षांखालील, त्यातही मुले वेगळी व मुली वेगळ्या. म्हणजे दहा गट झाले. प्रत्येक गटात पहिल्या पाचांना चषक धरले, तर पन्नास चषक वाटले जातात. सात वर्षांखालील मुलींच्या गटात कधीकधी चारच जणी असतात, त्यामुळे सातपैकी दोन गुण मिळवणारी मुलगीही चषक घेऊन घरी येते, आणि त्या दोनांतला एक गुण प्रतिस्पर्धी न आल्यामुळे मिळालेला असू शकतो. आयोजकांना मी दोष देत नाही. लहान मूल रिकाम्या हाताने परत गेले तर पुढच्या वेळी येत नाही. पण त्या फोटोवरून प्रशिक्षकाची पारख करू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

हे म्हणण्याचा मला किती अधिकार आहे, हा प्रश्न उरतोच, कारण काही वर्षांपूर्वी माझ्याही दारावर असा फ्लेक्स होता. त्यावर सर्वांत मोठा फोटो एका आठ वर्षांच्या मुलीचा होता. तिने चार महिन्यांत तीन चषक मिळवले होते आणि ते तिने कसे मिळवले, हे मला पक्के ठाऊक होते, कारण ते मीच शिकवले होते. राजापुढचे प्यादे दोन घरे पुढे न्यायचे, दुसऱ्याच चालीला वजीर पटाच्या कडेला, एच-५ वर काढायचा, मग उंट सी-४ वर आणायचा आणि चौथ्या चालीला एफ-७ च्या प्याद्यावर वजिराने मात करायची. नवख्या मुलांना प्रतिस्पर्ध्याचा हेतू दिसत नाही, म्हणून रविवारच्या स्पर्धांत ही युक्ती चालते. चषक आले, फ्लेक्स लागला आणि जूनमध्ये माझ्या दोन बॅचच्या तीन बॅच झाल्या.

पुढे तिचे वडील म्हणाले, “आता हिला फिडे रेटिंगच्या स्पर्धेत उतरवू या.” फिडे म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघ, आणि त्याचे रेटिंग म्हणजे खेळाडूची ताकद सांगणारा आकडा. मी थांबा म्हणायला हवे होते, मी म्हटले नाही.

पहिल्या फेरीत ती एका मानांकित खेळाडूकडून हरली, त्यात विशेष काही नव्हते. दुसऱ्या फेरीत समोर तिच्याच वयाचा, तिच्यासारखाच रेटिंग नसलेला मुलगा होता. वजीर बाहेर आल्यावर त्याने शांतपणे घोडा काढून आपले प्यादे राखले, उंट आल्यावर जी-फाइलीतले, म्हणजे जी या उभ्या रांगेतले, प्यादे एक घर सरकवून वजिराला हुसकावले आणि वजीर एफ-३ वर गेल्यावर दुसरा घोडा मध्ये आणून मातेची वाट बंद केली. ती अजूनही एफ-७ कडेच बघत होती. तिने वजीर बी-३ वर नेला, म्हणजे वजीर आणि उंट दोघांचा रोख पुन्हा त्याच घरावर. त्याने पहिला घोडा डी-४ वर उडवून वजिरावरच हल्ला केला. तिने उंटाने प्यादे मारून शह दिला, त्याचा राजा एक घर पुढे आला आणि आता उंटाला राखायचे तर वजिराला त्याच तिरप्या रेषेत राहणे भाग होते. तिने तो सी-४ वर ठेवला. त्याने बी-फाइलीतले प्यादे दोन घरे पुढे ढकलले. वजीर हलला की उंट गेला. सात चाली झाल्या होत्या. माझ्या चार महिन्यांच्या शिकवणीत त्यापुढचे काहीच नव्हते.

डाव आणखी तासभर चालला. ती बाहेर आली तेव्हा रडत नव्हती. तिने मला चालींच्या नोंदीचा कागद दिला आणि विचारले, “सर, त्याला ही चाल येत होती. आता दुसरी कुठली आहे?”

मी तिला दुसरी चाल सांगितली. हे मी आजवर कुणाला सांगितलेले नाही. तिसऱ्या फेरीला वीस मिनिटे होती, तिचे वडील शेजारी उभे होते आणि मी दुसरा एक सापळा सांगून मोकळा झालो. नऊ फेऱ्यांत तिला दीड गुण मिळाला. दिवाळीनंतर ती यायची बंद झाली. वडिलांनी फोटो काढायला सांगितले, मी हो म्हणालो, आणि प्रवेशांचा हंगाम संपेपर्यंत फ्लेक्स तसाच ठेवला.

आता बॅच मी वयावरून लावत नाही. मूल आले की त्याला राजा आणि हत्ती घेऊन एकट्या राजावर मात करायला सांगतो आणि एक डाव नोंद करत खेळायला लावतो. त्यावरून गट ठरतो. एका गटात आठच मुले, म्हणजे चार पट लागतात आणि कुणी जोडीविना बसत नाही. बारा वर्षांच्या मुलाला सात वर्षांच्या मुलीसमोर बसवले की पालक नाराज होतात, आणि खरे सांगायचे तर तो मुलगाही होतो. यावर मला अजून उपाय सापडलेला नाही. तासाच्या सुरुवातीला प्रत्येकाने आपल्या गेल्या डावातली एक चूक पटावर मांडून दाखवायची. नवीन काही शिकवले तर त्यानंतर. स्पर्धेहून आलेल्या मुलाला मी गुण विचारत नाही, कागद मागतो. त्यात फुकट गेलेली मोहरी मोजतो, आणि पंधरा मिनिटांचे घड्याळ असताना चार मिनिटांत डाव संपला का, ते विचारतो. डावामागे पाच मोहरी फुकट जात होती ती दोनवर आली, तर माझ्या लेखी मूल पुढे गेले, मग त्या दिवशी ते सातपैकी सहा डाव हरलेले का असेना.

पण तेव्हाचा मी अजूनही माझ्याशी वाद घालतो. तो म्हणतो, पहिल्या सहा महिन्यांत काहीच जिंकले नाही तर मूल टिकत नाही, आणि टिकलेच नाही तर तू हत्तीची मात शिकवणार कुणाला? त्याचे अगदीच चूक नाही. फ्लेक्स उतरवल्यावर तीन बॅचच्या पुन्हा दोन झाल्या. माझा एक मुलगा दर रविवारी स्पर्धेला नेणाऱ्या क्लासमध्ये गेला आणि तिथे त्याला रेटिंगही मिळाले. इतके डाव खेळून त्याचा घड्याळाचा धाक मोडला, जो मी क्लासमध्ये मोडू शकलो नव्हतो. शिवाय मी सांगलीत राहतो. ज्या गावात भाऊसाहेब पडसलगीकरांनी आयुष्यभर बुद्धिबळाच्या स्पर्धा भरवल्या, तिथे स्पर्धांविरुद्ध बोलणे मलाच विचित्र वाटते. माझी तक्रार स्पर्धांविषयी नाही, फोटोविषयी आहे. पण या दोन गोष्टी वेगळ्या ठेवणे मला नेहमी जमते, असेही नाही.

परवा एक गृहस्थ चौकशीला आले आणि त्यांनीही हेच विचारले. मी त्यांच्यापुढे एका मुलाची नोंदवही उघडली आणि एक डाव दाखवला, ज्यात त्या मुलाने चाळीस चाली एकही मोहरे फुकट दिले नव्हते. त्यांनी पान नीट पाहिले आणि विचारले, “यात जिंकला कोण?”

मुलगा हरला होता. मी तसे सांगितले. “कळवतो,” असे म्हणून ते गेले आहेत.